कॉलेजची मीटिंग आणि घरचं अकाउंट

सकाळी दहाची तोंडी परीक्षा आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल मीटची लिंक आली आहे. एकीने ती लॅपटॉपवर उघडली, तर समोर "Join now" असं बटण आलं आणि ती थेट आत गेली. दुसरीला त्याच लिंकवर "Ask to join" दिसलं. तिने ते दाबलं आणि ती वाट बघत बसली. तिसऱ्याला तर या मीटिंगमध्ये जाता येणार नाही, एवढंच सांगण्यात आलं. लिंक तिघांकडे अक्षरन्‌अक्षर तीच, इंटरनेटही नीट चालू. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "सर, लिंक चालत नाहीये, नवीन पाठवा." सर नवीन लिंक पाठवतात आणि तिच्यावरही तिघांचं पुन्हा तेच होतं.

होणारच, कारण बिघाड लिंकमध्ये नाही. मीटची लिंक नीट पाहिली तर तिचा ऐवज एवढाच असतो:

```
https://meet.google.com/abc-defg-hij
```

तीन, चार आणि तीन अशी दहा अक्षरं. ही त्या मीटिंगची खूण. दार कुठलं हे ती सांगते, दारात कोण उभं आहे हे सांगत नाही. ते गूगलला ब्राउझरकडून कळतं, आणि ब्राउझर ते तुम्हाला न विचारता सांगून टाकतो.

ही न विचारता सांगण्याची सोय जुनी आहे. वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. प्रत्येक पान मागताना सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नव्याने आलेले असता. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी नोंद देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटकडे पुन्हा जाताना आपण होऊन दाखवतो. हीच कुकी. दवाखान्यात पहिल्यांदा नाव, वय, पत्ता सांगून केसपेपर काढायचा आणि पुढच्या वेळी नुसता तो कागद खिडकीत सरकवायचा, तसा हा व्यवहार आहे. जीमेलमध्ये एकदा पासवर्ड टाकला की महिनोन्‌महिने पुन्हा विचारत नाहीत, ते या कागदामुळे.

आता घरच्या लॅपटॉपवर काय असतं ते पाहू. लॅपटॉप घेतला त्या दिवशीच आपलं नेहमीचं @gmail.com अकाउंट त्यात उघडलेलं असतं. यूट्यूब, फोटो, नकाशे सगळं त्याच्यावर. कॉलेजने प्रवेशानंतर स्वतःच्या डोमेनवरचं दुसरं अकाउंट दिलं, ते आपण नंतर कधीतरी त्याच ब्राउझरमध्ये जोडलं. एकाच ब्राउझरमध्ये गूगलची अनेक अकाउंट एकाच वेळी उघडी ठेवता येतात आणि गूगल त्यांना शून्यापासून क्रमांक देतं. जीमेल उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत `/u/0/` किंवा `/u/1/` असं दिसतं, तो हाच क्रमांक. शून्य क्रमांकाचं अकाउंट म्हणजे मुख्य, आणि सहसा हा मान सर्वांत आधी साइन-इन केलेल्या अकाउंटला मिळतो. म्हणजे जवळपास प्रत्येक घरात, वैयक्तिक अकाउंटला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नुसत्या लिंकमध्ये क्रमांक नसतो. क्रमांक नसला की गूगल शून्य धरून चालतं. कॉलेजचं अकाउंट त्याच ब्राउझरमध्ये उघडं असलं, शेजारच्या टॅबमध्ये त्याच अकाउंटची मेल दिसत असली, तरी मीटच्या दारात तुमच्या वतीने घरचंच अकाउंट उभं राहतं. "मी तर लॉगिन आहे!" ही तक्रार त्यामुळे खरीही असते आणि निरुपयोगीही.

दुसऱ्या बाजूला मीटिंग ठेवणाऱ्याची संस्था काय तपासते? मीटमध्ये प्रवेशाच्या तीन पातळ्या आहेत, पडद्यावर त्यांची नावं `Open`, `Trusted` आणि `Restricted` अशी दिसतात. मधल्या पातळीत यजमानाच्या संस्थेचं अकाउंट असलेले आणि ज्यांचा पत्ता निमंत्रणात घातला आहे ते, असे दोघेच न विचारता आत जातात. बाकीच्यांना दार वाजवावं लागतं, म्हणजे "Ask to join". संस्थेचं आहे की नाही हे ओळखायची खूण एकच, ती म्हणजे समोर आलेलं अकाउंट संस्थेच्या डोमेनचं आहे का. तुमचं नाव, फोटो, हजेरी क्रमांक यांच्याशी त्या तपासणीला काही देणंघेणं नाही. गूगल क्लासरूममधून तयार होणाऱ्या मीटच्या लिंका आणखी काटेकोर असतात. वर्गाच्या यादीत नाव नसलेल्याला तिथे शिक्षकांची परवानगी लागते, आणि तुमचं घरचं अकाउंट त्या यादीत नसतंच.

ही कडकपणाची सवय 2020 च्या टाळेबंदीतली. त्या वर्षी अनोळखी लोक ऑनलाइन वर्गांत शिरून धुमाकूळ घालू लागले, आणि मग सगळ्याच कंपन्यांनी दारं आवळली. झूमने एप्रिलमध्ये पासकोड आणि प्रतीक्षाकक्ष मुळातच चालू करून ठेवले. गूगलने त्याच वर्षी शैक्षणिक संस्थांच्या मीटिंगांत साइन-इन न केलेल्यांना मज्जाव केला. यजमानाने काही वेळा नकार दिला तर त्या अकाउंटला पुन्हा विनंती पाठवता येणार नाही, अशीही व्यवस्था आली. म्हणून "Ask to join" सारखं सारखं दाबत राहण्यात शहाणपण नाही.

त्यात एक मजेशीर अडचण असते. विनंती सरांच्या पडद्यावर पोचते ती घरच्या अकाउंटच्या नावाने. ते नाव वडिलांचं असू शकतं, कारण लॅपटॉप त्यांचा आहे. दहावीत असताना मित्रांनी ठेवलेलं टोपणनावही असू शकतं. साठ विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे सर "किंग ऑफ सातारा" यांना आत घेणार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. समजा, घेतलं आत. पण हजेरीचा अहवाल मीटच तयार करत असेल, तर त्यात नोंद त्याच नावाची होते आणि आठवड्याने "मी होतो सर" हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता ती दुसरी विद्यार्थिनी घेऊ, जिला "Ask to join" दिसलं. तिने आधी एकच गोष्ट पाहायची. मीटमध्ये शिरण्याआधीचं जे पान असतं, जिथे आपलाच चेहरा कॅमेऱ्यात दिसतो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ईमेल पत्ता लिहिलेला असतो आणि त्याच्याजवळ "Switch account" असं असतं. तो पत्ता @gmail.com चा असेल तर निदान झालं. तिथेच "Switch account" दाबून यादीतून कॉलेजचं अकाउंट निवडलं की पान पुन्हा उघडतं आणि बटणावरचे शब्द बदलून "Join now" होतात. उपाय लागू पडला की नाही हे या बदललेल्या बटणावरून कळतं. त्यासाठी आत जाऊन बघायची गरज नाही.

विनंती पाठवून वाट बघत असतानाच हे लक्षात आलं, तर आधी तो टॅब बंद करावा. नाहीतर कॉलेजच्या अकाउंटने आपण आत जातो, तेवढ्यात सर जुनी विनंतीही मंजूर करतात आणि एकाच लॅपटॉपवरून आपण दोनदा हजर होतो. एका टॅबचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि सगळ्या वर्गाला घुमणारा प्रतिध्वनी ऐकू येतो.

कॉलेजचं अकाउंट यादीत आहे, पण दर वेळी बदलायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी लिंकच्या शेपटीला क्रमांक जोडायची सोय आहे:

```
https://meet.google.com/abc-defg-hij?authuser=1
```

याचा अर्थ, शून्य नव्हे, एक क्रमांकाच्या अकाउंटने उघड. पण हा क्रमांक भरवशाचा नाही. साइन-आउट करून पुन्हा साइन-इन केलं की क्रम बदलतो, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर तो वेगळाच असतो. क्रमांकाच्या जागी पूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे `authuser=naav@example.edu` असा, तर ही भानगड राहत नाही. फक्त ते अकाउंट त्या ब्राउझरमध्ये आधीपासून उघडं हवं.

या शेपटीमुळे एक घोळ होतो, तो करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मॅडम स्वतः मीटिंगमध्ये जातात, पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलतात आणि ग्रुपवर टाकतात. त्यांच्या ब्राउझरमध्ये कॉलेजचं अकाउंट एक क्रमांकाचं असेल, तर `?authuser=1` सकट लिंक सगळ्यांकडे जाते. आता ज्या मुलाने कॉलेजचं अकाउंट शून्यावर आणि घरचं एकवर ठेवलं आहे, म्हणजे ज्याने सगळं शहाण्यासारखं केलं आहे, त्यालाच ही लिंक घरच्या अकाउंटने दारात उभं करते. पुढे पाठवायची लिंक प्रश्नचिन्हाच्या आधीच तोडावी.

शेपूट हाताने लावायची नसेल तर कॉलेजच्या अकाउंटचं गूगल कॅलेंडर उघडावं आणि तिथल्या मीटिंगच्या नोंदीतून आत जावं. कॅलेंडर ज्या अकाउंटचं, त्याचीच ओळख ते लिंकला जोडून देतं. किंवा सरळ `meet.google.com` उघडावं, उजवीकडच्या गोल चित्रावरून अकाउंट बदलावं आणि दहा अक्षरं टाईप करावीत. परीक्षेच्या घाईत हा शेवटचा मार्ग सर्वांत कमी दगा देतो.

सगळीकडून साइन-आउट करून आधी कॉलेजच्या अकाउंटने साइन-इन केलं की तेच शून्यावर येतं, हे खरं. पण गूगलमधून साइन-आउट करताना सहसा त्या ब्राउझरमधली सगळीच अकाउंट एकदम बाहेर पडतात. मग घरच्या अकाउंटचा पासवर्ड आठवत नाही, मोबाइलवर येणारा कोड वडिलांच्या फोनवर जातो, आणि दहा वाजून पाच मिनिटं झालेली असतात. हे काम रविवारी करायचं.

खरं तर रविवारी करायचं काम वेगळंच आहे. क्रोममध्ये दोन गोल चित्रं असतात आणि बहुतेकांना ती एकच वाटतात. एक पानाच्या आत, जीमेलच्या किंवा मीटच्या कोपऱ्यात. ते त्या साइटवरचं अकाउंट दाखवतं. दुसरं त्याच्याही वर, पत्त्याच्या पट्टीच्या ओळीत. ते क्रोमचं प्रोफाइल. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकी वेगळ्या, जतन केलेले पासवर्ड वेगळे, इतिहास वेगळा. वरच्या चित्रावरून नवं प्रोफाइल जोडावं आणि त्यात फक्त कॉलेजचं अकाउंट उघडावं. त्या खिडकीत शून्य क्रमांकावर कॉलेजच असतं, कारण दुसरं कुणी नसतंच. लिंक नुसती असो वा शेपटीची, उत्तर एकच येतं. प्रोफाइलला वेगळा रंग दिला तर कुठल्या खिडकीत आहोत हे लांबूनही कळतं.

यालाही मर्यादा आहे. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बाहेरच्या प्रोग्राममधली लिंक दाबली की क्रोम ती सहसा शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत उघडतं. रात्री घरच्या खिडकीत सिनेमा बघून झोपलात, तर सकाळची लिंकही तिकडेच जाणार. म्हणून आधी कॉलेजची खिडकी समोर आणावी आणि मग लिंक दाबावी, किंवा लिंक कॉपी करून तिथे चिकटवावी. लिंक वेबपानावरच असेल तर तिच्यावर उजवी टिचकी मारल्यावर ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उघडायचा पर्यायही मिळतो. नव्या प्रोफाइलला कॅमेरा आणि माइकची परवानगी नव्याने द्यावी लागते, तेवढं आदल्या दिवशी करून ठेवावं. आणि संस्थेच्या अकाउंटवरचं प्रोफाइल संस्थेच्या व्यवस्थापकाच्या नियमांखाली येऊ शकतं. तसं होणार असेल तर साइन-इन करतानाच क्रोम ते सांगतं. वैयक्तिक बँकेचे व्यवहार त्या खिडकीत नकोत, हे वेगळं सांगायला नको.

गुप्त खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, हा मधला मार्ग. तिच्यात आधीची एकही कुकी नसते, म्हणून साइन-इन नव्याने करावं लागतं आणि जे अकाउंट आपण घालू तेच एकमेव राहतं. परक्या संगणकावर हेच बरं. गैरसमज एवढाच होतो की दोन गुप्त खिडक्या म्हणजे दोन वेगळ्या ओळखी. तसं नसतं. एका ब्राउझरच्या सगळ्या गुप्त खिडक्यांच्या कुकी सामायिक असतात आणि त्यातली शेवटची खिडकी मिटेपर्यंत टिकतात. एक खिडकी बंद करून "निघालो बाहेर" म्हणत सायबर कॅफेतून उठलात आणि मागे दुसरी उघडी राहिली, तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमची मेल आयती मिळते.

नोकरी करणाऱ्यांची गाठ बहुधा मायक्रोसॉफ्ट टीम्सशी पडते, आणि तिथे घोळाचा बाज वेगळा आहे. टीम्सच्या लांबलचक जुन्या धाटणीच्या लिंकमध्ये `Tid` नावाचा एक भाग असतो. मीटिंग कुठल्या संस्थेची, हे त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे ही लिंक मीटच्या लिंकपेक्षा जास्त बोलते. पण कोण आलं आहे हे तीही सांगत नाही. ते पुन्हा ब्राउझरमधल्या कुकीवरच ठरतं. मायक्रोसॉफ्टकडे वैयक्तिक अकाउंट आणि नोकरी-शाळेची अकाउंट या दोन वेगळ्या वह्या आहेत. ब्राउझरमध्ये आधीच हॉटमेल किंवा आउटलुकचं वैयक्तिक अकाउंट उघडं असेल आणि पान तेच पुढे करत असेल, तर संस्थेच्या वहीत ते नाव सापडत नाही आणि `AADSTS50020` असा क्रमांक असलेला संदेश येतो. हे अकाउंट या संस्थेत नाही, दुसऱ्या अकाउंटने या, एवढाच त्याचा अर्थ. पासवर्ड चुकल्याचा तो संदेश नव्हे. तरी लोक घाबरून पासवर्ड बदलतात आणि त्या सकाळी आणखी एक प्रश्न वाढवून ठेवतात. काहींच्या बाबतीत तर एकच ईमेल पत्ता दोन्ही वह्यांत असतो आणि साइन-इन करताना "Work or school account" की "Personal account" असं विचारलं जातं. ऑफिसच्या मीटिंगसाठी पहिलं निवडायचं. उपाय बाकी तोच, ऑफिससाठी वेगळं प्रोफाइल. एज ब्राउझरमध्ये तर बाहेरून आलेल्या लिंका कुठल्या प्रोफाइलमध्ये उघडाव्यात हेही ठरवून ठेवता येतं.

हे सगळं करूनही दार उघडलं नाही तर? मीटच्या त्या आधीच्या पानावर पत्ता कॉलेजचा दिसतो आहे आणि बटण मात्र "Ask to join"च आहे, तर अडचण तुमच्या ब्राउझरमध्ये नाही. बऱ्याचदा यजमानानेच मीटिंग आपल्या घरच्या अकाउंटवरून तयार केलेली असते, कारण त्यांच्याही लॅपटॉपवर शून्य क्रमांकावर घरचंच अकाउंट असतं. मग त्या मीटिंगच्या दृष्टीने कॉलेजचे सगळेच विद्यार्थी बाहेरचे ठरतात. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच्या नव्हे, अख्ख्या वर्गाच्या पडद्यावर "Ask to join" येतं. तेव्हा मुलांनी अकाउंट बदलत बसू नये. सरांनी कॉलेजच्या अकाउंटने नवी मीटिंग तयार करावी, किंवा चालू मीटिंगमध्येच प्रवेशाची पातळी `Open` करावी आणि सगळे आत आले की पुन्हा आधीसारखी करावी.

बाहेरचे परीक्षक, पालक, निवृत्त प्राध्यापक यांच्याकडे संस्थेचं अकाउंट सहसा नसतं. त्यांना दार वाजवायला लावण्यापेक्षा आदल्या दिवशी कॅलेंडरच्या निमंत्रणात त्यांचा @gmail.com पत्ता घालावा. मग तो पत्ता निमंत्रितांत धरला जातो आणि `Trusted` पातळीवरही त्यांना थेट "Join now" मिळतं. संस्थेच्या व्यवस्थापकाने बाहेरच्यांना मुळातच बंदी घातली असेल तर मात्र निमंत्रणाचाही उपयोग नाही. ती बंदी कॉलेजच्या संगणक विभागातूनच उठवावी लागते. त्यांना फोन करताना "लिंक चालत नाही" एवढंच सांगू नये. पानाच्या कोपऱ्यात कुठला पत्ता दिसत होता, बटणावर काय शब्द होते आणि संदेशात क्रमांक असेल तर तो कुठला, हे सांगितलं की पुढचं त्यांना शोधत बसावं लागत नाही.